५५ चं दुकान ४२ ला मिळतंय. ही मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणायची का?

सूरसागरकाठी
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या एका आतल्या गल्लीत तळमजल्यावरचं दुकान विकाऊ आहे. अडीचशे फूट कारपेट, मालकीचं, पागडीचं नाही. आत जुना भाडेकरू आहे, झेरॉक्स आणि स्टेशनरीवाला, महिना २०,००० देतो. मालक मुलाकडे परदेशी चाललेत, म्हणून घाईत आहेत. मागतात ४२ लाख. दलाल सांगतो की शेजारचंच तेवढंच दुकान गेल्या दिवाळीत ५५ ला गेलं.

मी तीन-चार वर्षं शेअरमध्ये थोडेफार पैसे घालतो आणि व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगवर हाताला लागेल ते वाचतो. तिथे सगळीकडे एकच सांगतात, किमतीपेक्षा स्वस्तात घ्या, मधलं अंतर म्हणजे तुमची मार्जिन ऑफ सेफ्टी. माझ्या हिशेबाने इथे १३ लाखांचं अंतर आहे, म्हणजे जवळजवळ २४ टक्के. बाबांच्या निवृत्तीचे २५ लाख आहेत, उरलेले १७ कर्ज काढायचे. बाबा तयार आहेत, आई नाही. तुम्हाला काय वाटतं?

लीलोचेवडो
आई बरोबर आहे. (कारण नंतर सांगतो, आधी आई बरोबर असते.)

फ्युचरबाज
मार्जिनच्या नादाला लागू नका भाऊ. मी ब्रोकरकडे मार्जिन भरून फ्युचरमध्ये पोझिशन घेतली होती. बाजार दोन दिवस उलटा गेला, ब्रोकरने न विचारता सौदा कापला. मार्जिनमध्ये सेफ्टी वगैरे काही नसतं.

लीलोचेवडो
फ्युचरबाज, ते मार्जिन वेगळं, हे वेगळं. आणि आमच्या फरसाणच्या दुकानातलं मार्जिन तिसरंच, ते कधी दिसतच नाही. :-)

अण्णा_रावपुरा
याचं उत्तर बेंजामिन ग्रॅहम या माणसाने कधीच देऊन ठेवलंय. जे काही घ्याल ते किमतीच्या दोन तृतीयांशाला घ्या. ५५ चे दोन तृतीयांश ३६ लाख ६६ हजार. तुम्हाला ४२ सांगतायत. महाग आहे. विषय संपला.

हिशेबी
अण्णा, तुमचं उत्तर बरोबर आहे पण रीत चुकली, आणि पुढच्या वेळी ती चूक महागात पडेल. मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी तारण मालमत्तांचे मूल्यांकन अहवाल वाचण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

ग्रॅहमचं दोन तृतीयांश हे "किमती"चं नव्हतंच. १९३४ साली त्याने डॉड यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं ते मोठ्या मंदीच्या तळाशी. तेव्हा काही कंपन्या इतक्या पडल्या होत्या की तो फक्त चालू मालमत्ता मोजायचा. रोख, येणी आणि गोदामातला माल, एवढंच. त्यातून कंपनीची सगळी देणी वजा करायची. इमारत, यंत्रं, नाव, यांची किंमत शून्य धरायची. जे उरेल त्याच्याही दोन तृतीयांशाला शेअर मिळाला तर घ्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर तो गल्ल्यातले पैसे, उधारीची वही आणि फळीवरचा माल यातून दुकानदाराचं देणं वजा करून भाव करायचा, आणि दुकान वर फुकट घ्यायचा.

तुम्ही तेच दोन तृतीयांश उचलून दलालाने सांगितलेल्या ५५ ला लावलंत. ५५ हा आकडा आला कुठून? शेजारच्याने दिला म्हणून. तो भाव झाला. किंमत अजून कोणी काढलेलीच नाही. आणि फ्युचरबाज यांची हसून सोडून देऊ नका. ब्रोकरचं मार्जिन ब्रोकरच्या सुरक्षेसाठी असतं. बँकही दुकानावर पूर्ण रक्कम देत नाही, स्वतः ठरवलेल्या किमतीच्या साठ-पासष्ट टक्के देते, आणि उरलेल्याला बँकेतही मार्जिनच म्हणतात. तीही बँकेची सुरक्षा. घेणाऱ्याची सुरक्षा त्याची त्याने मोजायची असते.

सूरसागरकाठी, या दुकानातून वर्षाला हातात किती येतं ते लिहा. पट्टी, दुरुस्ती, रिकामे महिने सगळं धरून.

सूरसागरकाठी
काका, भाडं वर्षाचे २,४०,०००. महापालिकेचा वेरो, वरची ताडपत्री, शटर, वायरिंग असं वीसेक हजार. भाडेकरू बदलला तर दलाली आणि मधला रिकामा काळ, सरासरीने वर्षाला एक महिना धरला तर आणखी वीस. हातात २ लाख.

हिशेबी
छान, गोल आकडा दिलात. ४२ लाखांवर २ लाख म्हणजे पावणेपाच टक्के. त्यात स्टँप ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का घाला, वकील घाला, पंचेचाळीसच्या जवळ पोचता. मग साडेचार टक्केही पुरते पडत नाहीत.

आता ५५ ची उलट परीक्षा घ्या. पाच-सहा टक्के तरी सुटायचे तर त्या ५५ लाखांच्या दुकानाला महिना तीस हजारांच्या आसपास भाडं यायला हवं. त्या गल्लीत कोणी देतं का तीस? जरा चौकशी करा, आणि शेजारचं दुकान कोणी घेतलं तेही विचारा.

अकोटा_गार्डन
हिशेबी काकांशी असहमत. दुकान म्हणजे बँकेची ठेव नव्हे. ठेवीवर सात टक्के मिळतात ते जन्मभर सातच. दुकानाचं भाडं वाढतं. आज साडेचार टक्के आणि दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तर एकूण साडेनऊ झाले. शेअरमध्येही लोक लाभांश बघून घेत नाहीत, वाढ बघून घेतात. नुसत्या आजच्या भाड्याने मोजायला बसलात तर चांगली जागा कधीच मिळणार नाही. माझ्या सासऱ्यांनी अलकापुरीत १९९४ ला घेतली तेव्हा सगळे हसले होते.

मृणाल_मांजलपूर
सासऱ्यांची अलकापुरी ही प्रत्येक धाग्यात येते, नाही का? :-) पण मुद्दा खोडायचा तर नीट खोडावा लागेल.

हिशेबी
मुद्दा खोडायचाच नाही. अकोटा_गार्डन यांनी या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काढली. फक्त तोच हिशेब जरा फिरवून बघा.

समजा दुकानासारख्या अडकून पडणाऱ्या गोष्टीत मला एकूण ९ टक्के सुटायला हवेत. भाडं दरवर्षी २ टक्क्यांनी वाढणार असेल तर उरलेले ७ आजच्या भाड्यातून यायला हवेत. २ लाखांना ७ टक्क्यांनी भागा, किंमत येते साडेअठ्ठावीस लाख. वाढ ३ टक्के धरली तर ६ ने भागायचं, ३३ लाख. वाढ ४ धरली तर ५ ने भागायचं, ४० लाख. आणि अकोटा_गार्डन म्हणतात तशी ५ धरली तर ४ ने भागायचं, ५० लाख.

दुकान तेच, भाडेकरू तोच, भाडं तेच. भविष्याबद्दलचा माझा अंदाज दोन टक्क्यांवरून पाचवर गेला आणि किंमत अठ्ठावीसवरून पन्नासवर गेली. शेअरमध्येही हेच होतं, फक्त तिथे वाढीचा आकडा पंधरा नाहीतर वीस असतो, त्यामुळे अंदाज एका टक्क्याने चुकला तरी किंमत आणखी वेडीवाकडी हलते.

मार्जिन ऑफ सेफ्टी लागते ती यासाठी. दुकान "स्वस्त" मिळालं याचा आनंद वेगळा. मी किंमत काढताना किती चुकू शकतो, ती चूक पोटात घालायला मधे जागा ठेवायची असते. ज्या वस्तूची किंमत तुमच्या अंदाजावर इतकी हलते, तिथे जागा जास्त ठेवा.

आता एक प्रश्न. हा झेरॉक्सवाला सात वर्षांपूर्वी काय देत होता?

सूरसागरकाठी
बाबा विचारून आले. साडेसतरा हजार.

हिशेबी
साडेसतराचे वीस, सात वर्षांत. वर्षाला दोन टक्केही पुरते नाहीत.

अकोटा_गार्डन
कारण मालक परदेशी जायच्या तयारीत, भाडेकरू जुना, वाढवलंच नाही. नवा माणूस २६ देईल. त्या हिशेबाने हातात २ लाख ६५ हजार तरी येतील, आणि तुमच्याच ७ टक्क्यांनी ३८ लाख होतात. भाडं कमी का आहे ते न बघता "वाढत नाही" म्हणणं म्हणजे अर्धवट हिशेब आहे.

हिशेबी
हे मान्य. पण ३८ सुद्धा ४२ च्या खालीच आहे, तेही सगळं मनासारखं घडलं तर. आणि सगळं मनासारखं घडण्याच्या आकड्यापासून अंतर मोजायचं नसतं. जुना भाडेकरू काढायचा म्हटला तर किती वर्षं लागतात हे इथल्या कोणालाही माहीत आहे.

लीलोचेवडो
एक भाषिक योगदान. आमच्या गुजराती व्यापाऱ्यांकडे घेण्या-विकण्यातल्या अंतराला "गाळो" म्हणतात. मराठीत दुकानाला गाळा. तेव्हा सूरसागरकाठींचा प्रश्न असा: गाळ्यात गाळो आहे का? यापुढे मार्जिन ऑफ सेफ्टी लिहिणाऱ्याला एक प्लेट सेव उसळ दंड.

विश्वामित्री
गाळो शब्द आवडला. आता माझ्या गाळ्याची गोष्ट ऐका, फुकटात देतेय, मला साडेपाच लाख लागले.

२०२१ मध्ये नदीकाठच्या भागात एक गाळा घेतला. आजूबाजूला २६ चा भाव, मला १८ ला मिळाला. आठ लाखांचा गाळो, तीस टक्के! महिना १४,००० भाडं, मोबाईल दुरुस्तीवाला. मी आणि मिस्टर आठवडाभर हवेत होतो. विकणारे काका इतके सज्जन की कागदपत्रं चोख, एक रुपया काळा नाही.

ऑगस्ट २०२४ आठवतोय ना? विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. आमच्या दुकानात छातीएवढं. भाडेकरूचा सगळा माल गेला, तो बिचारा दोन महिन्यांत सोडून गेला. पाच महिने रिकामं. आता एक भाजीवाला ९,००० ला बसतो, आणि मी देते, कारण दुसरं कोणी येतच नाही. हिशेबी काकांच्या पद्धतीने वर्षाला हातात ९०,००० पण नाहीत. ७ ने भागलं तर तेरा लाखांच्या आत.

नंतर कळलं की त्या गल्लीत आधीही पाणी शिरलं होतं. काकांना माहीत होतं, दलालाला माहीत होतं, समोरच्या पानवाल्याला माहीत होतं. आठ लाख कमी झाले होते ते त्या पाण्याचे. मला वाटलं सूट मिळाली.

मृणाल_मांजलपूर
विश्वामित्री ताई, हे लिहिल्याबद्दल खरंच धन्यवाद. एक विचारू? १८ ला घेतल्याचा काहीच उपयोग झाला नाही असं वाटतं का?

विश्वामित्री
झाला. २६ देऊन घेतलं असतं तर कर्ज काढावं लागलं असतं, आणि त्या पाच रिकाम्या महिन्यांत हप्ते कुठून भरले असते? आज नुकसान आहे पण दुकान आमचंच आहे. गाळोने मला नफा दिला नाही, झोप दिली, तीही अर्धीच.

सूरसागरकाठी
ताई, वाचून पोटात गोळा आला. दांडिया बाजारला एवढं पाणी येत नाही, पण "का स्वस्त आहे" हे मी विचारलंच नव्हतं. घाईत आहेत एवढं ऐकून थांबलो.

आज शेजारच्या दुकानाची चौकशी केली. ५५ ला घेणारा त्याच्या पलीकडच्या दुकानाचा मालक निघाला. मधली भिंत पाडून त्याने कापडाचं मोठं दुकान केलंय, दोन रस्त्यांना तोंड. त्याला त्या भिंतीचेच जास्त पैसे द्यायला परवडत होतं.

हिशेबी
बघा. तो ५५ एका माणसासाठी खरा होता, आणि तो माणूस आता दुकान घेऊन बसलाय. तुमच्या दुकानाला तसं गिऱ्हाईक राहिलेलं नाही. शेअर बाजारातही एखादी कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा असाच भाव निघतो, आणि मग सगळे आपल्या हातातल्या तशाच कंपनीला तो भाव लावून बघतात.

अण्णा_रावपुरा
माझी रीत चुकली असं म्हणालात, ठीक. पण मग ग्रॅहमला स्वतः एवढी खात्री कशी होती? त्याच्या त्या शेअरांपैकी किती तरी कंपन्या बुडाल्या असतील की.

हिशेबी
असतील ना. म्हणूनच तो एकच घेत नव्हता, पुष्कळ घेत होता. १९४९ च्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात त्याने हे स्पष्ट लिहिलंय की एका शेअरमध्ये गाळो असून सुद्धा तो वाईट निघू शकतो. गाळो असला म्हणजे तोट्यापेक्षा नफ्याची शक्यता जास्त, तोटा अशक्य असं नव्हे. तीच बाजू घेऊन वीस-तीस ठिकाणी पैसे लावले की मग हिशेब जमतो. विमा कंपनी असाच धंदा करते, एकाच माणसाचा विमा उतरवला तर तो जुगार होईल.

सूरसागरकाठी, तुमच्या बाबांच्या बाबतीत नेमकं हेच आडवं येतंय. शेअरमध्ये तुम्ही वीस कंपन्या घेतल्यात आणि प्रत्येकीत तीस टक्के गाळो ठेवलात तर दोन-चार चुका पचतात. दुकान एकच आहे, त्यात सगळी निवृत्ती आहे, वर १७ लाखांचं कर्ज. दहा टक्क्यांनी दहा वर्षांचं धरलं तर हप्ता साडेबावीस हजारांच्या जवळ जातो. भाडं वीस, हातात सोळा-सतरा. पहिल्या महिन्यापासून खिशातून घालायचे, आणि भाडेकरू गेला तर सगळाच हप्ता. कर्ज काढलं की गाळो होता तोही बँकेकडे जातो.

अकोटा_गार्डन
कर्जाबाबत सहमत. बाकी ठाम आहे. सगळ्यांनी ७ ने भागायचं ठरवलं तर वडोदऱ्यात एकही दुकान विकत घेण्यासारखं उरणार नाही.

लीलोचेवडो
मग काय बिघडलं? भाड्याने घ्या. आमचं फरसाण गेली तीस वर्षं भाड्याच्या जागेत तळतंय आणि मालकाला साडेचार टक्केच सुटतायत. सूट आम्हाला मिळतेय, तुमच्या पद्धतीने.

फ्युचरबाज
हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. +१

मृणाल_मांजलपूर
आता कराची बाजू, कारण कोणी बोलत नाहीये. (सीए आहे, पण इथे सल्ला म्हणून घेऊ नका, आपापल्या माणसाला विचारा.)

शेअर बाजारात तुम्ही शंभरचा शेअर साठला घ्या, सरकार काही म्हणणार नाही. दुकानाचं तसं नाही. इथे जंत्री आहे, म्हणजे सरकारने धरलेला किमान भाव, आणि गुजरातमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून ते दर बरेच वाढले. स्टँप ड्यूटी तुम्ही काय दिलेत यावर लागत नाही, जंत्रीचा आकडा मोठा असेल तर त्यावर लागते. त्याहून बोचरी गोष्ट आयकरात आहे. तुमचा भाव जंत्रीपेक्षा फार खाली असेल तर मधला फरक घेणाऱ्याचंच उत्पन्न धरला जातो. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात, पण त्यापुढे गेलात की नुसता वरचा भाग नाही, सगळाच फरक धरतात.

समजा जंत्रीने दुकान ३० लाखांचं आहे आणि तुम्ही घासाघीस करून २४ ला घेतलंत. फरक ६ लाख. २४ चे दहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार, फरक त्याहून मोठा, म्हणून सहाच्या सहा लाख तुमच्या उत्पन्नात. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर १ लाख ८० हजार आणि वर सेस. (पुढे दुकान विकताना खरेदी ३० ची धरतात, तेवढी भरपाई. पण ती विकाल तेव्हा.) जंत्रीच अवास्तव आहे असं वाटलं तर अधिकाऱ्याला सांगून मूल्यांकन मागता येतं, पण त्यासाठी चिकाटी लागते.

तेव्हा काका म्हणतात तो गाळो दुकानात एका मर्यादेपलीकडे मिळाला तरी त्यावर कर बसतो. आधी जंत्री काढा, मग भाव सांगा. आणि आईच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर नोंदणीचा एक टक्का वाचतो. आईंना विचारून बघा.

लीलोचेवडो
मी सांगितलं होतं आई बरोबर आहे.

हिशेबी
मृणाल ताईंचं हे मला इतकं स्वच्छ माहीत नव्हतं. आमच्या वेळी विकणाऱ्यालाच त्रास होता. वहीत टिपून ठेवतो.

गल्लीतला_एक
त्या भागात अशांतधारा लागू आहे का तेही बघा. असेल तर विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, त्याला वेळ जातो. विकणारा घाईत असेल तर तुमच्या फायद्याचं, तुम्ही घाईत असाल तर नाही.

अण्णा_रावपुरा
एवढं सगळं करून मग सांगा की किती द्यायचे! सरळ एक आकडा द्या हिशेबी.

हिशेबी
अण्णा, माझा एक आकडा नाहीच. मला किंमत २५ ते ३३ च्या मधे कुठेतरी दिसते. मधलं ठिकाण २८-२९. घेतल्या दिवशी सहा टक्के सरकारी खर्चात जातात, विकायची वेळ आली तर दलाली दोन टक्के, म्हणजे आठ टक्के गाळो पहिल्या दिवशीच खलास. एकच दुकान, विकायला महिने लागणारं, म्हणून मी २३-२४ म्हणेन. पण जंत्री मधे आली तर ताईंच्या हिशेबाने तो भाव फायद्याचा ठरेल असं नाही. आणि त्या भावाला कोणी विकणार नाही अशीच शक्यता जास्त आहे. तर नाही घ्यायचं.

अकोटा_गार्डन
आणि दहा वर्षांनी तेच दुकान ८० ला गेलं की हिशेब करायला कोणी धाग्यावर येणार नाही.

हिशेबी
ते होऊ शकतं. मी त्यावर पैज लावणार नाही, दोन्ही बाजूंनी.

सूरसागरकाठी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचे प्रतिसाद छापून बाबांना दिले. (झेरॉक्स त्याच दुकानात काढली.)

चौकशीत हे निघालं. जंत्रीने दुकान २७ लाखांचं होतं. मृणाल ताईंच्या नियमाने साडेचोवीसच्या वर राहिलो तर कराची भानगड नाही. गल्लीतली तीन दुकानं विचारली. एक २१ हजार देतंय, एक २४, आणि तिसरं आठ महिने बंद आहे, मालक २६ वर अडून बसलाय. म्हणजे अकोटा_गार्डन यांचे २६ कागदावर आहेत, देणारा अजून आलेला नाही.

आम्ही २५ सांगितले. कर्ज नाही, रोख, आईच्या नावावर. स्टँपचे पैसे मी माझ्या शेअरमधून काढणार होतो. मालक काकांनी फोनच ठेवला. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, ३८ म्हणाले. बाबा लगेच ३० पर्यंत जायला निघाले होते, "सात ऐवजी साडेसहाने भाग ना, काय फरक पडतो" असं म्हणत. मी भागून बघितलं, तीस लाख सत्त्याहत्तर हजार आले. हवा तो आकडा येईपर्यंत भागत राहायचं असेल तर गाळो कशाला ठेवायचा, यावर आमची वादावादी झाली.

अण्णा_रावपुरा
बाबांचं मन मोडू नका. साडेसहा काही वाईट नाही.

मृणाल_मांजलपूर
३० ला गेलात तर कर्ज परत आलं, पाच लाखांचं का होईना.

सूरसागरकाठी
त्याची वेळ आली नाही. परवा बाबा तिकडे पुन्हा झेरॉक्सला गेले होते. तिथला भाडेकरू ओळखीचा झालाय आता. गप्पांत म्हणाला, काका, दिवाळीनंतर मी वाघोडिया रोडला जातोय, तिकडे कॉलेजं आहेत, इथे आता झेरॉक्सला कोण येतं, सगळं मोबाईलवर. मालकाला दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय.

दोन महिन्यांपूर्वी. म्हणजे दलालाने आम्हाला दुकान दाखवलं त्याच्या आधी.

विश्वामित्री
माझ्याकडे पानवाला होता, तुमच्याकडे झेरॉक्सवाला निघाला.

लीलोचेवडो
रुपयाची झेरॉक्स, सतरा लाखांचं कर्ज वाचलं.

सूरसागरकाठी
हिशेबी काका, बाबांचा निरोप. रिकाम्या दुकानाचं भाडं किती धरायचं?

हिशेबी
शेजारचं आठ महिने बंद आहे म्हणालात ना? पहिल्या वर्षाचं भाडं चारच महिन्यांचं धरा, तेही २० ऐवजी १८ ने. वेरो बारा महिन्यांचा धरा. किंमत काढून मालकांचा पुढचा फोन येईपर्यंत ठेवून द्या. तुम्ही फोन करू नका.